आपल्या भागाचं विवाह नोंदणी कार्यालय शोधणे : काही महिन्यांच्या वापरानंतर (पाचपैकी अडीच तारे)

फोनवरच्या नकाशात आमच्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांचं कार्यालय ‘२४ तास खुले’ आहे. रविवारी रात्री अकराला बघा, तरी खुलं. आमच्याकडे त्या वेळेला एसटी स्टँडवर कुत्रंसुद्धा जागं नसतं. ही वेळ कोणी भरली देव जाणे, पण त्यावर विसंबून तीस-पस्तीस किलोमीटरवरून माणसं येतात आणि कुलूप बघून जातात. या एका ओळीसाठी मी दीड तारा कापला आहे. जास्त वाटत असेल तर तिकीट तुमच्या खिशातून काढून बघा.

भाचीचं लग्न रजिस्टर पद्धतीने ठरलं. मुलगा ख्रिश्चन, मालाडला राहणारा. भाची आमच्या खाडीकाठच्या गावातच राहते, शाळेत शिकवते. धर्म वेगळे, कोणालाच बदलायचा नाही, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. कायदा काय, कागद कोणते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. मी फक्त कार्यालय सापडण्याबद्दल लिहितो, कारण खरी दमछाक तिथेच झाली.

गावात विचारलं तर सगळे एकच सांगतात, “तालुक्याला जा, रजिस्टर ऑफिसला.” तालुक्याला जमिनीचे दस्त नोंदवणारं दुय्यम निबंधक कार्यालय असतं, लोकांच्या डोक्यात रजिस्टर म्हणजे तेच. पूर्वी, १९५३ च्या कायद्याखाली, लग्नाच्या नोंदीसाठीही लोक तिकडे जात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं सांगणं अगदीच हवेतलं नाही. पण विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावणारा तो ‘विवाह अधिकारी’. त्याची हद्द साधारणपणे अख्खा जिल्हा असते आणि तो बसतो जिल्ह्याच्या गावी. मुंबई-पुण्यात त्यासाठी स्वतंत्र कार्यालयं आहेत. आमच्यासारख्या जिल्ह्यांत मुख्यालयाच्या दुय्यम निबंधकाकडेच हे काम जोडून दिलेलं असतं. दापोली असो की देवगड, तालुक्याच्या कार्यालयात जमीन नोंदेल, लग्न लागणार नाही.

मग जिल्हा कोणता, हा दुसरा प्रश्न. मुलगा म्हणाला, “मामा, वांद्र्याला करू, मुंबई उपनगरचं ऑफिस तिथेच आहे.” कायद्याने चाललं असतं. नोटीस देण्याच्या आधी सलग किमान ३० दिवस दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात राहिला आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. दोघांपैकी एकच पुरतो. पण मुंबईला करायचं तर माझी आई, तीन साक्षीदार, ताई-भावजी अशी सगळी वरात रेल्वेने न्यायची आणि तिथे जेवू घालायची. त्यापेक्षा जावईच खाली येऊ दे. भाची गावात वर्षानुवर्षं राहते, तिचा पत्ता इथलाच, म्हणून आमचा जिल्हा धरला. मुलाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला, त्यामुळे नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. ते इथलं कार्यालयच बघतं, आपण वांद्र्याला धावायचं नाही. हे लिहितोय कारण आमच्या शेजारच्या वाडीतल्यांनी त्यापायी विनाकारण रजा काढली होती.

(आधीच धार्मिक पद्धतीने लागलेलं लग्न याच कायद्याखाली नोंदवायचं असेल तर नियम वेगळा आहे. तिथे दोघांनीही त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं लागतं. एक मुंबईला, एक गावाला, असं तिथे भागत नाही.)

पत्त्याचं पुराण तर वेगळंच. नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या साइटवर नोटीस ऑनलाइन भरता येते. तिथे जिल्हा निवडायचा असतो, म्हणजे ‘माझा अधिकारी कोण’ हे तिथेच कळतं. सुरुवातीला मी या साइटला यथेच्छ शिव्या घातल्या, पान उघडायला इतका वेळ की चहा होऊन निवतो. आज म्हणतो, या सगळ्या प्रकारात सर्वांत भरवशाची तीच. पत्ता मात्र सरकारी वळणाचा, ‘जुन्या अमुक इमारतीजवळ’. जुनी अमुक इमारत पाडलेली असू शकते. कार्यालयं नव्या प्रशासकीय इमारतीत हलतात, पत्ता कागदावर मागे राहतो. नकाशाची खूण तर आणखी तिसरीकडे, आम्हाला ती एका गॅरेजसमोर घेऊन गेली. गॅरेजवाल्याला सवय झाली असावी, पाना खाली न ठेवताच म्हणाला, “लग्नाचं ना? मागच्या बाजूने वर जा, दुसरा मजला.”

तर योग्य दारापाशी आलोय हे ओळखायचं कसं? पाटी वाचून नाही, भिंत वाचून. कायद्याने आलेली प्रत्येक नोटीस विवाह अधिकाऱ्याला कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लावावी लागते. ज्या दाराजवळच्या फळ्यावर लग्नाच्या नोटिसा दिसतात आणि त्यांतल्या काही गेल्या आठवड्यातल्या आहेत, ते चालू विवाह अधिकाऱ्याचं दार. नुसते जमिनीच्या दरांचे तक्ते आणि मुद्रांकाच्या सूचना असतील तर तुम्ही दस्तवाल्या खोलीसमोर उभे आहात. नोटिसा आहेत पण वर्षाभरापूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या, तर खोली हलली असं समजा आणि शिपायाला विचारा.

आता दिवस. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, शनिवार-रविवार बंद. जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास. मोठ्या शहरांत काही नोंदणी कार्यालयं सुट्टीच्या दिवशीही दस्तासाठी उघडी ठेवतात, ती बातमी वाचून आपल्याकडे कोणी शनिवारी निघू नये. सार्वजनिक सुट्ट्यांशिवाय जिल्हाधिकारी वर्षाकाठी स्थानिक सुट्ट्याही जाहीर करतात. त्या मुंबईत छापलेल्या कॅलेंडरात नसतात, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत नेमकी तीच फसगत होते.

पण कार्यालय उघडं असणं आणि अधिकारी जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आम्ही गेलो तो दिवस कामकाजाचाच होता, कार्यालय उघडं, पंखा चालू, कारकूनबाई हजर. साहेबांकडे दुसऱ्या कार्यालयाचा चार्ज, ते त्या दिवशी तिकडे. एसटीत भाचीला अर्धं तिकीट, मला पूर्ण, कारण मला अजून पासष्ट झाली नाहीत. परतीचं धरून रिक्षासह जे गेलं त्यात दोन किलो सुरमई आली असती.

इथून माझं मत थोडं बदललं, ते त्या कारकूनबाईंमुळे. मी तावातावाने बोलत होतो. त्यांनी शांतपणे सांगितलं, “काका, फोन करून ‘ऑफिस चालू आहे का’ विचारलंत तर आम्ही हो म्हणणारच. ‘विवाह अधिकारी उद्या इथे बसणार आहेत का, की दुसरीकडे चार्ज आहे’ असं विचारा.” तेव्हापासून मी हेच वाक्य वापरतो. फोन आदल्या दिवशी अकराच्या सुमारास करावा. सकाळी दहाला संगणक सुरू होत असतो आणि एकनंतर कोणी उचलत नाही. उत्तर देणाऱ्याचं पद विचारून ठेवावं. पावसात लँडलाइन मेली असेल तर तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावं. लग्न ते लावत नाहीत, पण एकाच खात्याचे असल्याने जिल्ह्याच्या साहेबांचा चार्ज कुठे आहे हे त्यांना बहुधा ठाऊक असतं.

दिवसांचं एवढं का लावून धरलंय ते आमच्या तारखांवरून दाखवतो. नोटीस दिली १० फेब्रुवारीला, मंगळवारी. हरकतीसाठी ३० दिवस, म्हणजे १२ मार्चपर्यंत लग्न नाही. दुसरीकडे, नोटिशीपासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद, परत पहिल्यापासून सगळं. म्हणजे शेवटची तारीख १० मे. कागदावर दोन महिने हातात. पण १० मे रविवार, ९ मे शनिवार, म्हणजे खरा शेवटचा दिवस शुक्रवार, ८ मे. त्यातून पाडवा, रामनवमी, गुड फ्रायडे, १४ एप्रिल, १ मे वजा करा. साहेब दुसरीकडे बसतात ते दिवस वजा करा. मुलाला मुंबईहून रजा मिळेल ते दिवस धरा. तीन साक्षीदारांपैकी एक बोटीवर जाणारा, त्याची भरती-ओहोटी धरा. शेवटी उरले ते दिवस बोटांवर मोजण्यासारखे होते. आम्ही एप्रिलच्या मधल्या आठवड्यातला बुधवार धरला, आदल्या दिवशी १४ तारखेची सुट्टी होती म्हणून फोन सोमवारीच करून ठेवला. लग्न वेळेत लागलं. त्या दिवशी सर्व्हर अर्धा तास बंद होता, पण त्याचे तारे मी कापत नाही, तो सगळीकडेच बंद असतो.

त्यानंतर गावात मी या विषयातला माणूस झालोय. मे महिन्यात वरच्या वाडीतल्या सुनेला पासपोर्टसाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा होता. लग्न गावच्या देवळात लागलेलं, मुलगा गावचाच. ते जिल्ह्याला निघाले होते, मी थांबवलं. अशा लग्नाची नोंद १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली होते आणि गावात निबंधक म्हणजे ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक. २०२४ पासून त्या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पाटीवर काहीही असेल, माणूस तोच. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर नगरपरिषदेत जायचं.

इथेही एक कोकणी खोच आहे. आमची ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत आहे, तीन महसुली गावं मिळून एक. आधार कार्डावर गावाचं नाव एक, ग्रामपंचायतीचं नाव दुसरं. कार्यालय खाडीच्या त्या अंगाला. कोणत्या ग्रामपंचायतीत मोडता हे शोधायला सोपा उपाय म्हणजे घरपट्टीची पावती. तिच्या डोक्यावर जे नाव छापलंय तेच तुमचं निबंधक कार्यालय.

आमच्या ग्रामसेवकांकडे आणखी एका गावाचा भार आहे. सोमवार-गुरुवार इथे, बाकी तिकडे, आणि पंचायत समितीची बैठक असली की दोन्हीकडे नाही. हे वार बाहेर कुठेही लिहिलेले नव्हते. सरपंचांना सांगून मी ते खडूने फळ्यावर लिहून घेतले. दाखला लोकसेवा हक्काच्या सेवांमध्ये आहे, त्यामुळे अर्ज दिला की पोच मागायची. सुनेला गुरुवारी अर्ज देऊन पुढच्या गुरुवारी दाखला मिळाला, एसटीचा एक रुपया न जाता. त्यामुळे ग्रामपंचायतीला वेगळे चार तारे.

नकाशावरची वेळ दुरुस्त करायची सूचना मी पाठवली आहे, सोबत कार्यालयाच्या दारावरच्या वेळापत्रकाचा फोटो. ‘तपासणी सुरू आहे’ असं उत्तर आलंय. दुरुस्त झालं तर अर्धा तारा परत देईन, पूर्ण नाही.