उत्तरपत्रिकेचे विखुरलेले फोटो: वेळेनुसार लावावेत, पानाच्या आकड्यानुसार, की मजकूर वाचून?

सराव परीक्षेची उत्तरपत्रिका मुलं फोटो काढून पाठवतात तेव्हा तपासण्याआधी एक काम असतं, पानं लावण्याचं. ते तीन तऱ्हांनी करता येतं आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या ठिकाणी दगा देते. क्रम लावणं आणि गहाळ पान ओळखणं ही दोन निराळी कामं आहेत, हे आधी लक्षात घ्या. एका कामाला चालणारी पद्धत दुसऱ्याला चालेलच असं नाही.

सगळ्यात झटपट पद्धत म्हणजे फाइलची वेळ किंवा नाव पाहणं. मुलाने ओळीने पानं उलटत फोटो काढले असतील, तर कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ हाच क्रम. अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद पुसली जाते. आपल्या फोनवर दिसणारं `IMG-20250112-WA0031.jpg` हे नाव फोटो आपल्याकडे आल्यावर मिळालेलं असतं. त्यातला 0031 हा आकडा काढण्याचा क्रम सांगत नाही, आणि दोन मुलांचे फोटो एकाच वेळी येत असतील तर आकडे एकमेकांत मिसळतात. त्यात गॅलरीत सगळ्यात नवा फोटो वर दिसतो, म्हणून वरून निवडत गेलेल्या मुलाची उत्तरपत्रिका आपल्याकडे उलटी येते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी येते आणि वेळही टिकते. एवढी एक सूचना वर्गाला दिली तरी ही पद्धत बरीच भरवशाची होते. पण गहाळ पानाबद्दल ती काहीच सांगत नाही. जो फोटो काढलाच नाही त्याची वेळ नोंदवली जाणार कशी?

दुसरी पद्धत पानावर लिहिलेल्या आकड्यांची. माझ्या मते मुख्य भरवसा हिच्यावरच ठेवावा, कारण क्रम आणि खाच दोन्ही एका नजरेत दिसतात. शिवाय कोणते आकडे नाहीत यावरून पान का गेलं असेल याचाही अंदाज येतो. शिवलेल्या वहीत 7 आणि 8 एकाच कागदाच्या दोन बाजू असतात, तर 8 आणि 9 समोरासमोरची पानं. त्यामुळे 7-8 गेली असतील तर कागदच निसटलाय, सुट्या कागदांत हे नेहमी घडतं. 8-9 गेली असतील तर फोटो काढताना दोन कागद एकत्र उलटले गेले. पानं वहीतच आहेत, फक्त पुन्हा फोटो हवा. सुट्या कागदांत नुसतं 8 नसेल तर बहुधा मागची बाजू काढायची राहिली.

आकड्यांना दोन ठिकाणी मर्यादा आहे. शेवटचं पान गेलं तर आकड्यांत खाच पडतच नाही. 1 ते 15 सलग दिसतात आणि सोळावं होतं हे कळत नाही. म्हणून एकूण पानं आधी माहीत हवीत. ती पहिल्या पानावर लिहिलेल्या पुरवण्यांच्या संख्येवरून काढता येतात. दुसरी मर्यादा म्हणजे मुलं मुख्य वहीला आकडे घालतात आणि पुरवण्या तशाच सोडतात.

अशा वेळी तिसरी पद्धत कामाला येते, ती म्हणजे मजकूर वाचून सांधे जुळवणं. अर्धं राहिलेलं वाक्य पुढच्या पानावर कुठे पूर्ण होतं, सोडवणुकीची शेवटची ओळ कुठे पुढे सरकते, खाली ‘कृ. मा. प.’ लिहिलंय का, हे पाहायचं. वेळ खाणारं काम आहे, पण सांधा एकदा जुळला की शंका उरत नाही. प्रश्नक्रमांकांवर मात्र विसंबू नका. मुलं पाचवा प्रश्न आधी आणि दुसरा नंतर लिहितात, आणि तो त्यांचा हक्क आहे. प्रश्न पानाच्या तळाशी संपून नवा प्रश्न नव्या पानावर सुरू झाला असेल, तर तिथे जुळवायला सांधाच नसतो.

बारावीच्या भौतिकशास्त्राची एक उत्तरपत्रिका धरून चालू. मुख्य वही 8 पानांची, चार-चार पानांच्या 2 पुरवण्या, म्हणजे एकूण 16. फोटोही 16 आले. मोजणी जुळली म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पण आकडे लावायला बसलं की पान 3 दोनदा सापडतं: एकदा हाताच्या सावलीसकट, एकदा स्वच्छ. म्हणजे वेगळी पानं 15च. मुख्य वहीतले 1 ते 8 सगळे आकडे हजर आहेत, तेव्हा गहाळ पान पुरवण्यांतलं, आणि तिथे आकडेच नाहीत.

आता मजकूर वाचायचा. एका पुरवणीच्या पहिल्या पानावर सरल आवर्त गतीच्या एकूण ऊर्जेची सिद्धता सुरू होते आणि तळाशी गतिज ऊर्जेच्या सूत्रावर थांबते: ½mω²(A² − x²). पुढची पायरी स्थितिज ऊर्जेची, मग दोन्हींची बेरीज. उरलेल्या एकाही फोटोत ती नाही. विद्यार्थ्याने उत्तर अर्धवट सोडलं, की पान राहिलं? गुण यावरच ठरतात.

इथे फोटो मोठा करून कागदाकडे बघावं. पुरवणीचा कागद पातळ असला की मागच्या बाजूची शाई पुसट, आरशातल्यासारखी उलटी दिसते. फोनच्या एडिटमध्ये फोटो आडवा उलटवायचा, हवं तर कॉन्ट्रास्ट वाढवायचा. या पानात मग चौकटीतलं ½mω²A² आणि त्याखाली आलेखाचा वक्र ओळखू येतो. म्हणजे सिद्धता मागे पूर्ण केलेली आहे, पुरवणीच्या दुसऱ्या पानाचा फोटो तेवढा राहिला. मागचा मजकूर असा दिसेलच असं नाही. जाड कागद, पेन्सिल किंवा फोटो फार उजळ करणारं स्कॅनर अ‍ॅप असेल तर काहीच हाती लागत नाही. तेव्हा विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मागची बाजू कोरी दिसली, तर ती खरोखर कोरी आहे की शाई उमटली नाही, हे फोटोवरून ठरवू नये.

तर निवड कशी करायची? पाच-सहाच उत्तरपत्रिका असतील आणि आकडे नसतील, तर सरळ मजकुराने लावा, कारण तपासताना वाचायचंच आहे. चाळीस-पन्नास असतील तर मजकुराने लावणं परवडत नाही. आकड्यांनी लावा, दुबार फोटो बाजूला काढून मगच मोजा, आणि अडेल तिथेच वाचा. वेळेचा क्रम फक्त पहिली मांडणी करायला वापरा, तोही फाइल डॉक्युमेंट म्हणून आल्या असतील तरच. पुढच्या परीक्षेला पुरवण्यांसकट सलग आकडे आणि ‘3/16’ अशी नोंद मागा. आकड्यामागचं हे 16 असलं की शेवटचं पान गेलेलंही लगेच कळतं. कोऱ्या पानाचाही फोटो मागा, म्हणजे ते गहाळ समजलं जाणार नाही.

गहाळ पान मागताना ‘एक पान कमी आहे’ एवढंच लिहिलं तर मुलं पुन्हा सगळे सोळा फोटो पाठवतात. त्याऐवजी अलीकडच्या आणि पलीकडच्या पानाचा फोटो पाठवून लिहा: ‘या दोन पानांमधलं, ऊर्जेच्या सिद्धतेचं पान पाठव, डॉक्युमेंट म्हणून.’ आलेलं पान जागेवर ठेवण्याआधी त्याची पहिली ओळ मागच्या शेवटच्या ओळीला जुळते का, आणि चौकट नि आलेख आधी पुसट दिसलेल्या जागीच आहेत का, तेवढं ताडून पाहा. घरी नव्याने लिहून पाठवलेलं पान इथेच उघडं पडतं.