इनव्हॉइसचे मेल: स्वतःचा सर्व्हर की रिले? आमचा आयपी ब्लॉकलिस्टला गेला त्याचा हिशोब

ज्यांच्या ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर आहे आणि बाहेरची रिले सर्व्हिस घ्यावी का असा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण आम्ही हा निर्णय चांगलाच पोळल्यावर घेतला.

अंधेरी एमआयडीसीत आमचं ऑफिस. 1 तारखेला सकाळी 10 ला 412 इनव्हॉइस गेले, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांपुढे हिरवी खूण. 4 तारखेला भिवंडीच्या एका कस्टमरचा फोन, "साहेब, बिल कुठाय? आज पेमेंटची फाइल पुढे जातेय." तेव्हा पहिल्यांदा लॉग उघडला तर 137 मेल बाउन्स. त्या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच होता की सॉफ्टवेअरने मेल आमच्याच पोस्टफिक्सकडे दिला, पुढे काय झालं ते त्याला माहीत नाही. आणि बाउन्स येत होते नोरिप्लायच्या मेलबॉक्समध्ये, जो कोणीच उघडत नव्हतं. हे मला अजून लागतं, तीन दिवस उत्तर आपल्याच घरात पडून होतं.

लॉगमध्ये 550 चा नकार होता, म्हणजे कायमचा. 4 ने सुरू होणारा कोड असता तर पोस्टफिक्सने पाच दिवस परत परत प्रयत्न केला असता, 550 ला ते सरळ सोडून देतं. मग आपला आयपी स्पॅमहॉसच्या ब्लॉकलिस्टमध्ये आहे का, ते आयपी उलटा लिहून चेक केलं (खालचा आयपी नमुन्याचा आहे, 203.0.113.7):

```
dig +short 7.113.0.203.zen.spamhaus.org
127.0.0.4
```

हे 8.8.8.8 सारख्या पब्लिक रिझॉल्व्हरवरून विचारू नका, तिथून खरं उत्तर मिळत नाही. उत्तराच्या शेवटी 4 म्हणजे स्पॅमहॉसची एक्सबीएल, व्हायरस लागलेल्या मशीनची यादी. बाकीचे 275 पोचले कारण प्रत्येक सर्व्हर ही यादी बघतोच असं नाही.

दुपारी रिमूव्हलचा फॉर्म भरला, संध्याकाळी नाव निघालं, सगळे 137 परत पाठवायला घेतले आणि 5 तारखेला सकाळी आयपी पुन्हा यादीत! चूक आमची, मूळ कारण न शोधता नाव काढायची घाई केली. मग फायरवॉलचा लॉग बघितला तर डिस्पॅचचा एक लॅपटॉप रात्रभर पोर्ट 25 वर शेकडो अनोळखी सर्व्हरना जोडत होता. ऑफिसचं सगळं इंटरनेट आणि मेल सर्व्हर एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर पडायचे, त्यामुळे पाप लॅपटॉपचं आणि शिक्षा इनव्हॉइसला. लॅपटॉप फॉरमॅट केला, परत नाव काढलं, 6 तारखेला शेवटचे इनव्हॉइस गेले.

आता मुद्द्याचं. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर मेलसाठी वेगळा स्टॅटिक आयपी घ्याच, त्याचा रिव्हर्स डीएनएस प्रोव्हायडरकडून लावून घ्या. मेल सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांचा पोर्ट 25 बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका, व्हायरस नुसता आपल्या कंट्रोल सर्व्हरला जोडला तरी एक्सबीएलमध्ये नाव जाऊ शकतं, म्हणून आयपी वेगळा हवाच. वरची कमांड तासातासाला चालवून उत्तर आलं की फोनवर अलर्ट. हे सगळं आम्ही केलंय, खर्च फार नाही, पण रोज लक्ष देणारा माणूस लागतो.

तरी इनव्हॉइस आम्ही रिलेवर नेले, कारण वेगळंच आहे. महिन्यातून एकदा चारशे मेल आणि मग किरकोळ पत्रव्यवहार, अशा आयपीची पत तयारच होत नाही, मोठ्या मेल कंपन्यांना तो कायम नवखाच वाटतो. रिलेच्या शेअर्ड आयपीवरून रोज भरपूर मेल जात असतात, त्यामुळे आमच्यासारख्या लहान पाठवणाऱ्याला तिथे तयार पत मिळते. शेजाऱ्याने स्पॅम केला तर झळ आपल्यालाही बसते हे खरंय, पण ते निस्तरायला त्यांची माणसं चोवीस तास बसलेली असतात, आमच्याकडे मी एकटा. तुमचे रोज हजारो मेल एकसारखे जात असतील तर मात्र स्वतःचा आयपी ठेवण्यात अर्थ आहे.

रोजचा पत्रव्यवहार आमच्याच सर्व्हरवर आहे, बिलांसाठी वेगळा सबडोमेन, त्याचं एसपीएफ आणि डीकेआयएम वेगळं.

रिलेत एक खड्डा आहे, तो आधी बघा. एखादा पत्ता एकदा कायमचा बाउन्स झाला की बहुतेक रिले तो सप्रेशन लिस्टमध्ये टाकतात आणि पुढच्या महिन्याचं बिल त्या पत्त्यावर पाठवतच नाहीत, मग कस्टमरने मेलबॉक्स दुरुस्त केला असला तरी. म्हणून दर 1 तारखेला दुपारी अकाउंट्सच्या मॅडम ती लिस्ट उघडतात आणि त्यात जो कस्टमर दिसेल त्याला फोन लावतात.