काजूगर निवडणाऱ्या कॅमेऱ्यावर प्रूनिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात सोललेले गर पट्ट्यावरून जाताना कॅमेरा त्यांचा फोटो घेतो आणि रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर चालणारे एक न्यूरल नेटवर्क पाच गट पाडते: अख्खा पांढरा, अख्खा करपट, पाकळी, तुकडा आणि किडका. हे सॉफ्टवेअर मी सांभाळते. हंगाम सुरू झाल्यावर पट्ट्याचा वेग वाढवायचा ठरला, पण हा संगणक बदलायची तयारी नव्हती. त्यामुळे शिकवून झालेल्या नेटवर्कची छाटणी, म्हणजेच प्रूनिंग, करणे एवढाच मार्ग उरला. तेव्हापासून पावसाळा संपेपर्यंत छाटणीच्या दोन्ही पद्धती प्रत्यक्ष कामावर वापरल्या आहेत. नेटवर्कमधले एकेक वजन, म्हणजे शिकताना ठरलेला गुणक आकडा, शून्य करणारी ती विखुरलेली छाटणी आणि चित्रातली एकेक खूण टिपणारे अख्खे चॅनेल काढून टाकणारी ती रचनाबद्ध. हा अनुभव त्याच कामाचा आहे.

आमचे मॉडेल रेसनेट-18. पाच गटांसाठी त्यात सुमारे 1 कोटी 12 लाख वजने आहेत, म्हणजे फाइल साधारण 45 एमबी. 224 बाय 224 च्या एका फोटोसाठी सुमारे 181 कोटी गुणाकार होतात. पुढचे सगळे हिशेब याच दोन आकड्यांवर चालतात आणि ते दोन वेगळे आकडे आहेत, हे आधी पक्के करून घ्यावे.

सुरुवात पायटॉर्चमध्येच असलेल्या `torch.nn.utils.prune` पासून केली. `global_unstructured` ला 80 टक्के सांगितले की ते सगळ्या थरांतली वजने एकत्र तोलते आणि सर्वात लहान 80 टक्के शून्य करते. हे एका दमात केले तर अचूकता कोसळते. थोडे छाटा, थोडे पुन्हा शिकवा, मग पुढचे छाटा, असे टप्प्याटप्प्याने गेलो तर 80 टक्क्यांवरही एकूण अचूकता मूळ मॉडेलच्या अगदी जवळ राहते. या बाबतीत पद्धतीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. 2015 मध्ये हान आणि सहकाऱ्यांनी अॅलेक्सनेट या नेटवर्कची 6 कोटी 10 लाख वजने 67 लाखांवर आणली होती, तीही अचूकता न गमावता. मात्र तिथली बहुतेक वजने शेवटच्या जाडजूड फुली-कनेक्टेड थरांत होती. रेसनेटमध्ये तसे थरच नाहीत, म्हणून तो 9 पट आकडा आपल्या मॉडेलकडून अपेक्षू नये.

प्रश्न वेगाचा होता, आणि वेग तसूभरही वाढला नाही. कारण सरळ आहे. वजन शून्य झाले तरी ते आपल्या जागेवरच असते, आणि पायचा प्रोसेसर शून्याने गुणायलाही तेवढाच वेळ घेतो. शून्ये वगळून हिशेब करायचा तर गुणाकार करणारा तसा खास कोड, म्हणजे कर्नल, किंवा तसे हार्डवेअर लागते. एनव्हिडियाच्या अँपियर पिढीपासूनच्या कार्डांवर दर चार वजनांत दोन शून्य, असा ठरावीक साचा पाळला तर दुपटीपर्यंत वेग मिळू शकतो. पायवर ती सोय नाही.

फाइलचेही तसेच. छाटणी चालू असताना मॉडेल सेव्ह केले तर फाइल जवळजवळ दुप्पट होते, कारण प्रत्येक थराचे `weight_orig` आणि `weight_mask` असे दोन टेन्सर साठवले जातात. `prune.remove` चालवले की ती मूळ आकारावर येते, पण त्याखाली जात नाही. शून्ये वगळून साठवायचे म्हटले तर उरलेल्या 22 लाख वजनांसोबत त्यांची जागाही लिहावी लागते. वजनाला 4 बाइट, जागेला 4 बाइट धरा: सुमारे 18 एमबी. याच हिशेबाने 50 टक्के छाटणीत जागेची बचत शून्य. डाउनलोड लहान हवे असेल तर विखुरलेली छाटणी जरूर करा, पण साध्या सीपीयूवर वेगासाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट थर मोजल्यावर दिसली. आमच्या मॉडेलची तीन चतुर्थांश वजने एकट्या शेवटच्या टप्प्यात, `layer4` मध्ये आहेत. गुणाकार मात्र चारही टप्प्यांत जवळपास सारखे वाटलेले आहेत, कारण सुरुवातीला चॅनेल कमी असले तरी चित्र मोठे असते. म्हणून वजनांची 80 टक्के विरळता म्हणजे गुणाकारांची 80 टक्के बचत नव्हे. छाटणी झाली तीही मुख्यतः त्या एकाच टप्प्यात.

मग चॅनेल छाटायला घेतले. `prune` मधले `ln_structured` नावाने रचनाबद्ध आहे, पण तेही चॅनेल शून्यच करते, काढत नाही. चॅनेल खरेच काढायला मी `torch_pruning` वापरते. एका थराचा चॅनेल काढला की त्यामागच्या, आकडे एका पट्टीत आणणाऱ्या बॅचनॉर्म थराचा तो भाग आणि पुढच्या थराचे तेवढे इनपुटही काढावे लागते. ही साखळी ते स्वतः शोधते, आणि या कामात त्याने मला कधी दगा दिला नाही. रेसनेटमध्ये ब्लॉकचे इनपुट थेट त्याच्या उत्तरात मिळवणारा शॉर्टकट असतो. त्या बेरजेला जोडलेले चॅनेल सगळीकडे एकत्रच काढावे लागतात, त्यात नुकसान जास्त. त्यामुळे मी प्रत्येक ब्लॉकच्या फक्त आतल्या `conv1` चे आउटपुट छाटते:

```python
DG = tp.DependencyGraph().build_dependency(model, example_inputs=x)
for stage in (model.layer2, model.layer3, model.layer4):
    for b in stage:
        k = b.conv2.out_channels // 8
        idx = b.conv1.weight.abs().sum((1, 2, 3)).argsort()[:k].tolist()
        DG.get_pruning_group(b.conv1, tp.prune_conv_out_channels, idxs=idx).prune()
```

एका फेरीत मूळ चॅनेलचा आठवा भाग जातो, मग पुन्हा शिकवणे, मग पुढची फेरी. चार फेऱ्यांत अर्धे चॅनेल जातात. उरलेली संख्या 8 च्या पटीत राहते, ते प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचनांना सोयीचे पडते.

इथे बॅचनॉर्मकडे नीट लक्ष द्या. फिल्टर शून्य केला तर कॉन्व्होल्यूशनचे उत्तर शून्य येते, पण बॅचनॉर्म त्यातून जुनी सरासरी वजा करतो, भागतो आणि स्वतःचा बायस मिळवतो. त्यातून एक ठरावीक आकडा तयार होऊन, ऋण आकडे शून्य करणाऱ्या रेलूमधून पुढे जाऊ शकतो. चॅनेल खरोखर काढला की तो आकडाही जातो. म्हणून शून्य केलेल्या मॉडेलची अचूकता बघून काढलेल्या मॉडेलचा अंदाज बांधता येत नाही. छाटणीनंतर लगेच मी मॉडेल `train()` मध्ये ठेवून, ग्रेडियंट बंद करून काही शे फोटो नुसते त्यातून सोडते, म्हणजे बॅचनॉर्मच्या सरासऱ्या नव्या चॅनेलांप्रमाणे बसतात. एकही वजन न बदलता पडलेल्या अचूकतेचा बराच भाग परत येतो. छाटणीने खरे नुकसान किती केले, हे मी त्यानंतरच मोजते.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले ते: किती छाटणी झेपते? सुरुवातीला `layer1` धरून चारही टप्प्यांतले आतले चॅनेल अर्धे केल्यावर गुणाकार 181 कोटींवरून 98 कोटींवर आले, वजने 57 लाखांवर. एकूण अचूकता थोडीशीच घसरली आणि पट्ट्यावर वेग लगेच जाणवला. पण दोन-तीन दिवसांत निवडणीच्या टेबलावरच्या मावशींनी हाक मारली. "बाय, ह्या ट्रेमध्ये किडके येऊ लागलेत. आधी असे येत नव्हते." पांढऱ्या गराच्या ट्रेमधून त्यांनी चार-पाच गर काढून तळहातावर ठेवले. गराच्या खाचेजवळ टाचणीच्या टोकाएवढे भोक, त्याच्या कडेला किंचित तपकिरी भुकटी, बाकी गर स्वच्छ पांढरा. फोटोत ते भोक जेमतेम काही पिक्सेलचे असते.

एकूण अचूकतेत हे दिसत नाही, ते का हे हिशेबाने लगेच कळते. शंभरात एक गर किडका असेल आणि मॉडेल अशा गरांपैकी एक तृतीयांश सोडून देऊ लागले, तर एकूण अचूकता फक्त 0.33 टक्क्याने घटते. ती घट पुन्हा शिकवण्यातल्या चढउतारात बुडून जाते. हे फक्त काजूपुरते नाही. 2019 मध्ये सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की छाटलेल्या नेटवर्कची एकूण अचूकता टिकली तरी काही मोजके वर्ग आणि क्वचित दिसणारी, अवघड उदाहरणे यांच्यावर जास्त मार बसतो. किडके येऊ लागल्यापासून मी प्रत्येक फेरीनंतर गटवार रिकॉल, म्हणजे त्या गटाच्या एकूण गरांपैकी किती बरोबर ओळखले ते, बघते. थांबायचे कुठे, हे किडक्या गटाचा आकडा ठरवतो.

मग कोणता टप्पा किती सोसतो हे बघायला एका वेळी एकच टप्पा छाटून किडक्यांचा रिकॉल मोजला. शेवटचे टप्पे निम्मे केले तरी फारसा फरक नाही. `layer1` छाटला की मात्र भोके दिसेनाशी होतात. तिथे चॅनेल मुळात 64 च आहेत आणि बारीक खुणा, कडा टिपण्याचे काम त्यांचेच. म्हणून वरच्या कोडमध्ये `layer1` नाही. त्याला हात न लावता बाकीचे निम्मे केले तर 121 कोटी गुणाकार उरतात. म्हणजे बचत एक तृतीयांश. पायवर प्रत्यक्ष वेळ त्याहून थोडा कमी वाचतो, कारण मेमरीतून आकडे आणायचा वेळ गुणाकारांच्या प्रमाणात घटत नाही. पट्ट्याला तेवढे पुरले, आणि मावशींच्या ट्रेमधले किडके पूर्वीइतकेच राहिले.

विखुरलेल्या छाटणीला 80 टक्के झेपतात आणि चॅनेलना 50 च्या आसपास धाप लागते, याचे कारण निवडीच्या बारकाईत आहे. एकेक वजन निवडताना खरोखर निरुपयोगी तेवढेच जाते. चॅनेल काढताना त्यातली नको असलेली वजने जातात, तशी हवी असलेलीही जातात. मॉडेल मुळातच किती सैल आहे, यावरही बरेच अवलंबून. पाच गटांच्या कामाला रेसनेट-18 भरपूर मोठे आहे. मोबाइलनेट हे नेटवर्क आधीच काटकसरीने बांधलेले. 2017 च्या झू आणि गुप्तांच्या प्रयोगात 75 टक्के वजने छाटल्यावर इमेजनेट या फोटोसंचावर त्याची अचूकता 70.6 वरून 67.7 टक्क्यांवर आली होती. तिथे आमचे प्रमाण जसेच्या तसे उचलू नका.

एक आक्षेप रास्त आहे. छाटून मिळालेला आकार नव्याने, शून्यापासून शिकवला तरी तेवढीच अचूकता येते, असे 2018 मध्ये लिऊ आणि सहकाऱ्यांनी रचनाबद्ध छाटणीबद्दल दाखवले. मीही ते करून पाहिले. एकूण अचूकता जवळपास तिथेच पोहोचली, किडक्यांच्या गटात मात्र छाटलेले मॉडेल पुढे राहिले. आमच्याकडे किडक्या गरांचे फोटो थोडे आहेत, आणि आमचे मूळ मॉडेल इमेजनेटवर आधी शिकलेले होते. शून्यापासून शिकवताना तो फायदा हातातून जातो, असा माझा कयास आहे. तुमच्याकडे सगळ्या गटांचे भरपूर फोटो असतील तर आधी लहान मॉडेल शिकवून बघा, छाटणीची खटपट कदाचित करावीच लागणार नाही.

न छाटलेले मूळ मॉडेल आणि त्याचा शिकवण्याचा कोड मात्र जपून ठेवा. पुढच्या हंगामात सालीचा तुकडा चिकटलेल्या गरांचा सहावा गट हवा आहे. तो मी मूळ मॉडेललाच शिकवणार आणि मग छाटणी पहिल्या फेरीपासून करणार, कारण नव्या गटासाठी कोणते चॅनेल लागतील हे जुन्या छाटणीला ठाऊक नव्हते.