उजवा बड केसमध्ये चार्जच होत नव्हता: उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

हे इअरबड्स मी उन्हाळ्यात घेतले आणि तेव्हापासून ते रोज कानात आहेत. सकाळी चालायला जाताना, लोकलमध्ये, दुपारी ऑफिसच्या कॉलवर. किंमत मधल्या पट्ट्यातली. आवाज चांगला आहे, कॉलवर समोरच्याला माझं बोलणं नीट ऐकू जातं, कानात टोचत नाहीत. या सगळ्याबद्दल खरेदीच्या पहिल्याच आठवड्यात लिहिणारे पुष्कळ असतात, म्हणून मी तिथे थांबत नाही. महिने उलटल्यावर जी अडचण येते आणि जिच्यापायी लोक चांगले बड्स टाकून नवे घेतात, तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंय.

पावसाळा सुरू झाल्यावर एका सकाळी डावा बड १०० टक्के आणि उजवा पूर्ण बंद. केस रात्रभर चार्जरला लावलेली होती. दोन-तीन दिवस असंच चाललं, कधी उजवा अर्धवट चार्ज झालेला, कधी अजिबात नाही. अशा वेळी सगळ्यात आधी मनात येतं की बॅटरी गेली. पण बॅटरीला दोष देण्याआधी एक गोष्ट बघून घ्यावी. दोन्ही बड केसमध्ये ठेवा, झाकण लावा आणि फोनच्या ब्लूटूथमध्ये बघा. नीट बसलेला बड केसमधल्या चार्जिंगच्या पिनांना टेकला की त्याला कळतं की आपण केसमध्ये आलो, आणि तो फोनपासून सुटतो. माझा उजवा बड झाकण लावल्यावरही फोनला जोडलेलाच दिसत होता. एकदा तर फोन आला आणि आवाज पर्समधल्या केसमध्ये गेला. म्हणजे तो चार्ज होत नव्हता एवढंच नाही, तर केसमध्ये बसून रात्रभर स्वतःची उरलीसुरली बॅटरी संपवत होता. बडमधली बॅटरी साधारण ३० ते ६० एमएएचची असते, तिला संपायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी खूण त्याहून पक्की. केस उघडी ठेवून उजवा बड बोटाने हलकेच खाली दाबला, तर बडवरचा दिवा लागला आणि फोनवर चार्जिंगची खूण आली. बोट काढलं की दोन्ही गायब. दाबल्यावर चार्ज होतो आणि सोडल्यावर थांबतो, याचा अर्थ बॅटरीही ठीक आणि केसही ठीक. बिघाड या दोघांच्या मधल्या जागेत, जिथे धातूला धातू टेकतो तिथे.

ती जागा नीट बघायला फोनचा टॉर्च आणि कॅमेऱ्याचा झूम पुरतो. माझ्या बडच्या दांडीखाली सोनेरी रंगाचे दोन बारीक ठिपके आहेत आणि केसच्या खाचेत तळाशी स्प्रिंगवर हलणाऱ्या दोन पिना. डाव्या बडचे दोन्ही ठिपके पिवळे आणि चकचकीत होते. उजव्याचा एक ठिपका पिवळा, आणि दुसऱ्याभोवती काळपट कडं धरलेलं, मध्ये किंचित हिरवट झाक. एकच ठिपका खराब का, याचं कारण आहे. बड घामाने ओला असताना केसमध्ये गेला की दोन ठिपक्यांच्या मध्ये खारट पाण्याचा थर असतो आणि वर चार्जिंगचा व्होल्टेज येतो. त्या ओलाव्यातून बारीक प्रवाह वाहतो आणि धन बाजूचा धातू झिजत, काळवंडत जातो. त्यामुळे काळी पडते ती बहुतेक वेळा धन बाजू. त्यावर कानातला मळ आणि केसांचं खोबरेल तेल बसलं की चिकट थर पक्का होतो.

केसची खाच बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर धरून बघितली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या बाजूच्या दोन्ही पिना सारख्या उंचीच्या होत्या. उजवीकडची एक तिच्या जोडीदारापेक्षा स्पष्ट खाली बसलेली. पिनेच्या नळीत मळ शिरला की ती दाबलेल्या अवस्थेतच अडकते आणि वर उसळून येत नाही. वरून पाहिलं तर हे कळत नाही, बाजूनेच बघावं लागतं.

साफ करायला लागलं ते एवढंच: कापूस लावलेली कानकाडी, लाकडी टूथपिक, मऊ कोरडा ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्यावं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितलं की छोटी बाटली देतात. औषधांच्या दुकानात बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात बाकीचं पाणी असतं. बडच्या बाहेरून पुसायला ते चालेल, पण केसच्या खाचेत मी ते वापरणार नाही. हँड सॅनिटायझर तर नकोच, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे चिकट थर ठेवतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं.

आधी केस चार्जरवरून काढली आणि उलटी धरून कोरड्या ब्रशने खाचा झाडल्या. पर्समधला बारीक कापूस आणि धूळ पडली. मग कानकाडीवर अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन कापूस टिश्यूवर टिपला. ती ओलसर हवी, ठिबकती नको, कारण केसमध्ये बॅटरी कायम चालू असते आणि खाचेतून द्रव आत उतरला तर काम वाढतं. बडचा काळा ठिपका हलक्या हाताने गोल फिरवत पुसला. कापूस पहिल्या फेरीत तपकिरी झाला, कानकाडी बदलली, पुन्हा पुसलं. कडेला घट्ट बसलेलं कडं अल्कोहोलने मऊ झाल्यावर टूथपिकच्या बोथट टोकाने खरवडलं. इथे सुई, सेफ्टीपिन किंवा ब्लेड वापरू नका. एक तर दोन्ही पिनांना धातू एकदम टेकला तर शॉर्ट होतं, आणि दुसरं म्हणजे ठिपक्यावरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो ओरखडला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या वेळी आणखी वेगाने काळा होतो. खोडरबरने घासा असं बरेच जण सांगतात. त्याने ठिपका चमकतो हे खरं, पण तेही घासणंच आहे. मी तो उपाय अगदी शेवटचा मानते, तोही फक्त बडवर. केसमध्ये त्याचा चुरा पिनेभोवती अडकतो.

अडकलेल्या पिनेवर टूथपिकच्या टोकाने अल्कोहोलचा छोटासा थेंब ठेवला, क्षणभर थांबले आणि लाकडी बोथट टोकाने ती पिन सरळ खाली दाबून सोडली. तिरकी दाबायची नाही, वाकते. पहिल्या काही वेळा ती खालीच राहिली. मग हळूहळू वर येऊ लागली आणि शेवटी जोडीदाराच्या उंचीला आली. प्रत्येक वेळी टूथपिकला काळी ओल लागत होती. झाकण उघडं ठेवून सगळं अर्धा तास वाळू दिलं. घाईने बंद केलं तर वाफ आतच कोंडते, आणि अल्कोहोल ज्वलनशील असल्यामुळे ओल्या केसला चार्जर लावायचा नाही.

त्यानंतर बड ठेवला तर दाबायची गरज पडली नाही, झाकण लावताच फोनवरून सुटला. साधारण दहा मिनिटांनी उघडून पाहिलं तर टक्के वर सरकले होते. लगेच टक्के बघून काही कळत नाही, थोडा वेळ द्यावा लागतो.

यानंतरचे महिने कसे गेले तेही सांगायला हवं. तक्रार पूर्ण संपलेली नाही. उजव्या ठिपक्याचा मुलामा एका कडेला गेलाय आणि तिथे काळसर छटा डाव्यापेक्षा लवकर येते. आता चालून आल्यावर बड कोरड्या सुती कपड्याने पुसते, थोडा वेळ टेबलावर उघडे ठेवते आणि मगच केसमध्ये घालते. बडला पाण्याचे शिंतोडे सोसण्याचं आयपीएक्स४ रेटिंग आहे, पण बडचं रेटिंग केसला लागू होत नाही. केस पाण्यापासून जपावीच लागते.

सगळ्यांची अडचण मळाचीच असेल असं मात्र नाही. माझ्या बहिणीचा बडही असाच दाबला की चार्ज व्हायचा, पण तिचे ठिपके अगदी स्वच्छ होते. तिने मूळ रबरी टिप काढून जाडसर फोमच्या टिप घातल्या होत्या. त्या खाचेच्या तळाला टेकत होत्या आणि बड किंचित वर राहत होता. मूळ टिप घातल्या, प्रश्न संपला. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचे बड्स कित्येक महिने ड्रॉवरमध्ये पडून होते, दाबूनही दिवा लागेना. बॅटरी फार खाली गेली की चार्जिंगची चिप सुरुवातीला अगदी कमी प्रवाह सोडते, त्यामुळे बराच वेळ काहीच हालचाल दिसत नाही. केस भिंतीवरच्या चार्जरला लावून बड आत तसेच ठेवले, काही तासांनी एक जागा झाला. दुसरा झालाच नाही.

दोन्ही बड एकदम चार्ज होत नसतील तर बडच्या ठिपक्यांकडे बघण्याआधी केस चार्ज होतेय का ते बघा. तिच्या पोर्टमध्ये कापूस ठासलेला असतो, टूथपिकने निघतो. काही स्वस्त केसेस दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने होतात.

केसच्या पिनांना मल्टिमीटर लावून बघायचा मोह होतो. पण बऱ्याच केसेस बड बसल्याचं कळल्यावरच पूर्ण व्होल्टेज सोडतात, तेव्हा मीटरवर शून्य दिसलं म्हणून केस मेली असं धरू नका. त्यापेक्षा कुणाकडे तेच मॉडेल असेल तर आपला बड त्यांच्या केसमध्ये ठेवून बघावा. तिथे चार्ज झाला तर दोष आपल्या केसचा, तिथेही नाही झाला तर बडचा.

बॅटरी खरंच गेली असेल तर लक्षण वेगळं असतं. बड केसमध्ये नीट बसतो, फोनवरून सुटतो, थोड्याच वेळात १०० टक्के दाखवतो, आणि कानात घातल्यावर वीस मिनिटांत बंद पडतो. तिथे कितीही पुसलं तरी फरक पडत नाही. बहुतेक बड चिकटवून बंद केलेले असतात, उघडले की पाण्यापासूनचं संरक्षण जातं. अशा वेळी वॉरंटी आहे का ते बघावं, आणि नसेल तर एकटा बड किंवा एकटी केस सुटी मिळते का ते कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावं. वॉरंटीत नेताना ठिपके खरवडलेले नकोत, आणि पाण्याने बिघाड झाला असेल तर तो बहुधा वॉरंटीत धरत नाहीत.

माझी जोडी अजून चालू आहे. हेच मॉडेल पुन्हा घेईन का, तर हो, पण दुकानात केस उघडून बघेन. याच्या खाचा खोल आणि अरुंद आहेत, कानकाडी तळापर्यंत जेमतेम पोहोचते. ज्या केसच्या पिना उथळ, उघड्या जागी आहेत ती समोर आली, तर आवाजात थोडं डावंउजवं असलं तरी मी ती उचलेन.