टाकी फुल्ल करून द्यावी की कंपनीलाच भरू द्यावी? आठ महिन्यांचा हिशोब

आमच्याकडे स्वतःची गाडी नाही. गेल्या आठ महिन्यांत नाशिकमधून अकरा वेळा सेल्फ ड्राइव्हची गाडी घेतली, बहुतेक वेळा स्विफ्टच. नियम एकच: टाकी फुल्ल मिळते, फुल्लच परत द्यायची. नाही दिली तर कमी पडलेलं पेट्रोल ते लिटरला १२५ रुपयांनी लावतात, वर भरणावळ २०० रुपये. पंपावर मी लिटरला १०५ रुपये धरतो.

फरक वीसच रुपयांचा दिसतो, म्हणून पहिल्यांदा मी तशीच गाडी दिली. शिर्डीला जाऊन-येऊन, इकडेतिकडे धरून २०० किलोमीटर झाले होते. सोळाच्या मायलेजने साडेबारा लिटर, म्हणजे पंपावर साधारण १३१० रुपये. पण कंपनी लिटर मोजत नाही, काट्यावरच्या कांड्या मोजते. टाकी ३७ लिटरची आणि कांड्या आठ, म्हणजे एक कांडी सुमारे ४.६ लिटरची. माझ्या तीन गेल्या होत्या, सबब जवळजवळ चौदा लिटर लागले. बिल १९३० च्या पुढे गेलं.

जवळच्या फेरीत हे जास्त बोचतं. त्र्यंबकला जाऊन आलो, ६० किलोमीटर, चारच लिटर, ४२० रुपयांचं पेट्रोल. कांडी एकच गेली, पण तिचे ५७८ आणि वर २००. म्हणजे लिटर पडलं १९४ रुपयांना! भरणावळ ठरलेली असते, ती थोड्या लिटरवर वाटली की दर चढतो. म्हणून लिटरचा दर विचारून भागत नाही; भरणावळ किती आणि मोजणी कांडीने की लिटरने, हेही गाडी घेतानाच विचारा.

उलटा फटकाही बसलाय. एकदा २०० किलोमीटरनंतर पंपावर नोझल बंद पडेपर्यंत भरलं, तर सतरा लिटर गेलं. मी तर तेवढं जाळलं नव्हतं. आधीच्या माणसाने वरची कांडी दिसण्यापुरतंच भरलं असणार, त्याची तूट मी भरली. वरची कांडी बराच वेळ हलत नाही, त्यामुळे हे घेताना कळत नाही. आता मी किलोमीटरला मायलेजने भागतो, तेवढेच लिटर सांगतो आणि आठही कांड्या दिसतात ना, ते बघतो. गाडी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ द्यायची असते, म्हणून पेट्रोल शहरात शिरल्यावरच भरतो. पावती ठेवतो, आणि चावी देण्याआधी इंजिन चालू ठेवून काटा व किलोमीटर एकाच फोटोत घेतो. करारात ‘नोझल बंद पडेपर्यंत भरा’ असं लिहिलं असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही.

एकदाच मुद्दाम त्यांना भरू दिलं. वणीहून येताना उशीर झाला होता, उशिराचा दंड तासाला ५०० रुपये, आणि कांडी एकच गेलेली. पंपावर थांबून वाचले असते फार तर अडीचशेच.