ब्लू, सीएचआरएफ की डोळ्यांनी वाचणं?

दोन भाषांतर यंत्रांपैकी एक निवडायचं काम गेल्या वर्षी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कचेरीत आलं. मजकूर कर्जाच्या माहितीपत्रकांचा, इंग्रजीतून मराठीत. ब्लू आणि सीएचआरएफ म्हणजे यंत्राचं भाषांतर नमुना भाषांतराशी ताडून आपोआप गुण देणारी दोन मापं, दोन्ही लावून पाहिली. दोघांचाही कौल एकाच यंत्राकडं होता, पण वाचायला बसल्यावर मला दुसरंच बरं वाटत होतं.

गोम एका वाक्यात सापडली. नमुना भाषांतर होतं, ‘शेतकऱ्याने सावकाराला पैसे परत दिले.’ एका यंत्रानं लिहिलं, ‘शेतकऱ्यानं सावकारास पैसे परत केले.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘शेतकऱ्याला सावकाराने पैसे परत दिले.’ म्हणजे कर्ज कुणी फेडलं तेच उलटं!

ब्लू अख्खा शब्द जुळला तरच गुण देतं. बरोबर वाक्यातले पाचपैकी दोन शब्द जुळतात, उलट्या वाक्यातले तीन. आपल्याकडं प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळं ‘सावकारास’ आणि ‘सावकाराला’ त्याच्या लेखी दोन अनोळखी शब्द.

सीएचआरएफ अक्षरांचे तुकडे जुळवतं, म्हणून ते मराठीला जास्त न्याय देईल अशी माझी समजूत होती. बऱ्याचदा देतंही. इथं मात्र ‘ने’ आणि ‘ला’ नुसते जागा बदलून बसलेत, त्यामुळं अक्षरं आणि काने-मात्रे सुटे मोजले तर सगळेच्या सगळे जुळतात. दोन-दोन चिन्हांच्या जोड्या धरल्या तरी २९ पैकी २७ जुळतात. बरोबर वाक्याच्या २८ पैकी २१च. मी तिथंच वैतागलो.

मग १०० वाक्यं काढली आणि कुठलं वाक्य कुठल्या यंत्राचं ते झाकून दोघांना वाचायला दिली, एक शाहूपुरीतले, एक गडहिंग्लजच्या. चुकांचे खाने मोजकेच ठेवले: विभक्ती, लिंग-वचन, सामान्यरूप, नकार, शब्द गाळणं. अर्थ बिघडला तर ५ दंड, नुसतं खटकलं तर १. उलट्या वाक्याला ५ पडले. बरोबर वाक्यातली ‘नं’ आणि ‘स’ची सरमिसळ एकाला खटकली, १ दंड. नुसतं ‘नं’ मात्र चूक धरायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, नाहीतर अख्खं कोल्हापूर नापास झालं असतं.

एक खाचखळगा सांगतो. ‘माझा नवा पुस्तक हरवला’ यात चुकीची रूपं तीन दिसतात, पण मूळ चूक एकच, पुस्तकाचं लिंग. आम्ही सुरुवातीला तीन मोजली आणि एका यंत्रावर उगाच अन्याय केला. आता मूळ चूकच मोजतो.

वाचायला दोन दुपारी गेल्या, आणि वाचकांचं सगळीकडं एकमत झालं असंही नाही. एकाच यंत्राची जुनी-नवी आवृत्ती ताडायला मी अजूनही सीएचआरएफच चालवतो, क्षणात होतं. तुमचा मजकूर वेगळा असेल तर अनुभवही वेगळा येईल कदाचित. आम्ही मात्र ब्लू आणि सीएचआरएफनं कमी गुण दिलेलं यंत्र घेतलं.