स्ट्रॉ-दोऱ्याने उंची मोजताना: 45° गाठायचे, एका जागेवरून कोन घ्यायचा की दोन जागांवरून?

दहावीची त्रिकोणमिती मैदानात घ्यायची म्हटले की उपकरणाचा प्रश्न पटकन सुटतो. कोनमापक, स्ट्रॉ, हातभर दोरा आणि ओळंब्यासाठी एक जड नट, बस. स्ट्रॉ कोनमापकाच्या सरळ कडेला चिकटवायची आणि दोरा बरोबर मध्यबिंदूतून ओवायचा. स्ट्रॉ आडवी असताना दोरा 90 वर येतो. ती झाडाच्या किंवा खांबाच्या शेंड्याकडे रोखली की दोरा 90 पासून जितका सरकेल तितका उन्नत कोन. 2022 च्या जुलैपासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ दमट हवेत वाकते. म्हणून मी रिफिल काढलेल्या बॉलपेनची सरळ नळी वापरते.

खरी निवड यानंतरची. मुलांना चालत 45 अंशांपर्यंत न्यायचे, एका जागी उभे राहून येईल तो कोन घ्यायचा, की दोन जागांवरून दोन कोन घ्यायचे? वहीत तिन्ही रीती सारख्याच बिनचूक वाटतात, मैदानात मात्र तसे नसते. कारण या उपकरणावर फार तर एका अंशापर्यंत विश्वास ठेवता येतो. 20 सेंटिमीटर लांब आणि 6 मिलिमीटर रुंद नळीतून साधारण पावणेदोन अंशांचा तुकडा दिसतो आणि शेंडा त्यात कुठेही असू शकतो. नळीच्या पुढच्या तोंडावर दोन बारीक दोऱ्यांची फुली चिकटवली तर शेंडा मध्यावर आणता येतो, तरी एका अंशाची शंका उरतेच. त्यामुळे प्रत्येक रीतीला मी एकच प्रश्न विचारते: एक अंश चुकला तर किती मीटर जातात?

45 अंशांची रीत सर्वांत सोपी. 90 वजा 45 म्हणजे 45, तेव्हा दोरा 45 च्या खुणेवर येईपर्यंत मागेपुढे चालायचे. तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक डोळ्याची उंची, झाली उंची. कोष्टक लागत नाही, त्यामुळे नववीच्या मुलांनाही जमते. अंशाच्या चुकीचा भुर्दंडही इथेच सर्वांत कमी, उंचीच्या साधारण साडेतीन टक्के. अडचण जागेची आहे. झाड जितके उंच तितके मागे जावे लागते आणि मागे नेमकी भिंत नाहीतर सायकल स्टँड असतो.

एका जागेवरून कोन घेताना जागा आपण निवडतो. नारळाचे उदाहरण घेऊ. बुंध्यापासून 14 मीटरवर उभे राहिलो, दोरा 49 वर आला, म्हणजे उन्नत कोन 41 अंश. tan 41° = 0.869, म्हणून 14 × 0.869 = 12.2 मीटर. डोळ्याची उंची 1.4 मीटर, एकूण 13.6. कोन 42 असता तर उत्तर 14 मीटर आले असते आणि 40 असता तर 13.1. फळ्यावर हे तिन्ही आकडे शेजारी लिहा, मुलांना चूक किती महाग पडते ते लगेच दिसते. दहावीच्या मुलांना 30, 45 आणि 60 या कोनांच्याच किमती पाठ असतात, त्यामुळे 41 साठी कोष्टक द्यावे लागते. नसेल तर आलेखकागदावर 1 सेंटिमीटरला 1 मीटर धरून त्रिकोण काढायला लावते. झाडाच्या फार जवळ जाऊ नका. 70 अंशांना एका अंशाची चूक सव्वापाच टक्क्यांच्या पुढे जाते, 20 अंशांनाही तितकीच. 30 ते 60 च्या मध्ये राहा.

नारळाची एक खोड इथे सांगायलाच हवी. तो बहुधा झुकलेला असतो, त्यामुळे शेंडा बुंध्याच्या बरोबर वर नसतो. 45 अंशांच्या रीतीत शेंडा आपल्याकडे 1 मीटर झुकलेला असेल तर उत्तर सरळ 1 मीटरने जास्त येते. उपाय असा की झुकाव ज्या दिशेला आहे तिथून एकदा आणि बरोबर समोरून एकदा मोजायचे आणि सरासरी घ्यायची. ध्वजस्तंभाला हा त्रास नाही, म्हणून पहिला दिवस मी ध्वजस्तंभालाच देते. जमीन उताराची असेल तर डोळ्याची उंची नुसती मिळवून चालत नाही, बुंध्याकडचा कोनही घ्यावा लागतो.

आता दोन जागांची रीत. पायथ्यापर्यंत पोचता येत नाही तिथे हिच्यावाचून इलाज नाही. कुंपणातल्या पाण्याच्या टाकीचे बघा. कुंपणाला टेकून कोन 48 अंश, टाकीच्या सरळ रेषेत 4 मीटर मागे जाऊन 42 अंश. डोळ्याच्या वरची उंची = 4 ÷ (cot 42° − cot 48°), म्हणजे साधारण 19 मीटर. आता जवळचा कोन एका अंशाने कमी आणि लांबचा एका अंशाने जास्त धरा, उत्तर 28 मीटरच्या पुढे जाते. उलट धरले तर 14 वर येते. असे उत्तर वहीत लिहिण्यासारखे नाही. तेच 30 मीटर मागे गेलो तर कोन 22 अंश येतो, उत्तर पुन्हा 19 च, आणि त्याच चुकांनी ते 17 ते 21 मध्ये राहते. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत 30 आणि 60 अंशांची जोडी असते, ती मोजणीच्या दृष्टीनेही उत्तम, पण कुंपणामुळे 60 पर्यंत जाता येईलच असे नाही. जागा निवडताना दोन कोनांत निदान 20 अंशांचा फरक हवा. दोन्ही जागा आणि टाकी एका रेषेत ठेवायला जमिनीवर दोरी ताणा.

रीत कोणतीही घ्या, उपकरणाची उलटतपासणी आधी करा. एकाच शेंड्याकडे एकदा नळीच्या एका तोंडातून आणि एकदा दुसऱ्या तोंडातून बघायचे. पहिल्यांदा दोरा 49 वर आणि दुसऱ्यांदा 133 वर आला, बेरीज 182. ती 180 हवी. जास्तीचे 2 अंश दोन वाचनांत सारखे वाटलेले आहेत, म्हणजे नळी 1 अंश तिरकी चिकटली आहे. प्रत्येक वाचनातून 1 वजा केला की 48 आणि 132, दोन्हींवरून उन्नत कोन 42. दोरा मध्यबिंदूऐवजी नळीला बांधला असेल तर मात्र चूक प्रत्येक कोनाला वेगळी येते, मग दोरा पुन्हा ओवावा लागतो. वाऱ्यात दोरा हलतो, त्यासाठी एकाने रोखायचे आणि दुसऱ्याने दोरा स्थिर झाला की बोटाने दाबून वाचायचे. सूर्याच्या दिशेने नळी कोणालाही रोखू देऊ नका.

तेव्हा एकच तास हातात असेल आणि मागे मोकळे मैदान असेल तर ध्वजस्तंभ आणि 45 अंश घ्या. जागा अपुरी असेल किंवा मुलांना tan वापरायला लावायचे असेल तर एक कोन आणि मोजलेले अंतर घ्या, माझी पसंती बहुतेक वेळा यालाच. टाकीसाठी वेगळा दिवस ठेवा आणि किमान 30 मीटरची टेप बरोबर न्या.